भात सोडला, तरी काटा हलेना

नमस्कार. वय 42, उंची पाच फूट दोन इंच, वजन 71 किलो. राहते मुलुंडला, नोकरी फोर्टमध्ये बँकेत, दिवसभर बसून. जूनपर्यंत डब्यात दोन चपात्या आणि थोडा भात, रात्री एक चपाती आणि आमटीभात, वर तूप असं जेवायचे. जूनमध्ये भात पूर्ण बंद केला. पहिल्या आठ दिवसांत दोन किलो गेले आणि मग काटा तिथेच अडकला. आता डब्यात तीन चपात्या, रात्री ज्वारीच्या दोन भाकऱ्या. सकाळी पोहे, कधी इडली. संध्याकाळी आल्यावर चहा आणि थोडं फरसाण, बस. गणपतीला गावी गेले, दोन दिवस भात-मोदक खाल्ले, तर दीड किलो वाढलं! यजमान म्हणतात, बघ, भातच बाधतो तुला. गाडीतली मैत्रीण म्हणते गहूही सोड, ग्लूटेन असतं. सासूबाई मात्र 74 वर्षांच्या, जन्मभर दोन्ही वेळ भात खाऊन काटकुळ्या. शुगर नॉर्मल आहे, पण आईला मधुमेह आहे. आता चपातीही सोडू का?

— एक वाचक, मुलुंड

चपाती सोडू नका, आणि भातही परत सुरू करा. पण दोन्ही मिळून दिवसभरात किती, हे एकदा मोजून घ्या. तुमचं सगळं उत्तर त्या मोजणीत आहे. आणि मोजायचं ते शिजल्यावर नाही, डब्यातून काढताना, कोरडं.

कोरडं का, ते सांगते. 100 ग्रॅम तांदळात साधारण 355 कॅलरी असतात. 100 ग्रॅम कणकेत 320 ते 340. ज्वारी, बाजरी, नाचणी यांचंही पीठ याच घरात, 320 ते 350 च्या दरम्यान. म्हणजे किराणावाल्याकडच्या पोत्यात ही सगळी धान्यं वजनाच्या बाबतीत जवळजवळ सारखीच आहेत. फरक पडतो तो पाण्यामुळे. तांदूळ कुकरमध्ये पाणी पिऊन अडीच-तीन पट जड होतो, म्हणून शिजलेल्या 100 ग्रॅम भातात 130 च्या आसपासच कॅलरी उरतात. चपातीत पाणी त्या मानाने कमी, आणि तव्यावर त्यातलंही बरंच उडून जातं. त्यामुळे ताटात भाताचा ढीग दिसतो आणि चपातीची घडी छोटीशी दिसते. डोळ्याला वाटतं, भात म्हणजे जड जेवण आणि चपाती म्हणजे हलकं. धान्याच्या हिशोबात असं काही नसतं.

आता तुमचाच हिशोब मांडू. आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या घरची चपाती मी पाहिलेली नाही. पण घरात होते तशी मध्यम घडीची चपाती धरली तर तिला 35 ग्रॅम कणीक लागते. तिच्या घडीत आणि वरून मिळून छोटा चमचाभर तेल जातं. कणकेचे 115 आणि तेलाचे 35, अशी एक चपाती 150 ची झाली. जूनपर्यंत तुम्ही दिवसाला तीन खात होता, म्हणजे 450. डब्यातला थोडा भात एक लहान वाटी आणि रात्रीचा दोन वाट्या धरला, तर तो शिजलेला 300 ग्रॅम होतो, मूळ तांदूळ 110 ग्रॅमच्या आसपास. त्याचे 390. वरच्या तुपाचे 45. सगळे मिळून 885.

आता जूननंतरचं. तीन चपात्यांचे तेच 450. ज्वारीची भाकरी मात्र चपातीएवढी नसते. हाताने थापलेल्या एका नेहमीच्या भाकरीला 70 ग्रॅम पीठ सहज लागतं, म्हणजे दोन चपात्यांएवढं. तिच्यात तेल नाही हे खरं, तरी पिठाचेच 235 होतात. दोन भाकऱ्यांचे 470. एकूण 920.

885 होते, 920 झाले. अंदाजातली चूक धरली तर दोन्ही आकडे एकच समजा. तुम्ही भात सोडलात, पण त्याची जागा रिकामी ठेवली नाहीत. तिथे पीठ आलं, आणि धान्य म्हणून पाहिलं तर आधी दोन जेवणांत मिळून 215 ग्रॅम जात होतं, ते आता 245 ग्रॅम जातंय. काटा अडकला यात नवल काही नाही. भाकरीने वजन उतरतं ही आपल्याकडची ठाम समजूत आहे. भाकरी खाणाऱ्यांचं उतरतंही, पण बहुतेक वेळा ते दोनच्या जागी एक खाल्ली म्हणून. तिच्यात तंतू जास्त, ती चावावी लागते, एकीत पोट भरतं. तुम्ही मात्र चपातीच्या सवयीने दोन मोजल्यात.

आणि पोहे विसरलात. पोहे म्हणजे तांदूळच, ओला करून चेपलेला. इडलीतही तीन-चतुर्थांश तांदूळ. घावणे, आंबोळी, तांदळाची भाकरी, सगळं एकाच घरातलं. भात सोडला म्हणणारी माणसं सकाळी बशीभर पोहे खाऊन निघतात आणि कोणाला ते खटकत नाही, याची मला दरवेळी गंमत वाटते. बशीभर पोह्यांना 50 ग्रॅम कोरडे पोहे धरले तर तुमचं दिवसाचं धान्य 295 ग्रॅमवर जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जी आहार मार्गदर्शिका काढली, तिच्यात 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी दिवसाला सगळी धान्यं मिळून 250 ग्रॅम सांगितली आहेत. खुर्चीत बसून काम करणाऱ्या बाईला 2000 लागत नाहीत. म्हणजे जास्त जे होतंय ते धान्यच, हे यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. त्यांनी बोट फक्त चुकीच्या भांड्याकडे दाखवलं.

मग पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले ते काय होतं? मुख्यतः पाणी. हा भाग जरा सावकाश वाचा, कारण भाताची बदनामी याच्यामुळेच झाली आहे.

आपण भात-चपाती खातो तेव्हा त्यातल्या पिठूळ भागाची साखर होते आणि तिचा काही साठा शरीर यकृतात आणि स्नायूंमध्ये करून ठेवतं. त्या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. मोठ्या माणसात तो साधारण 400 ते 500 ग्रॅम असतो. पण तो कोरडा ठेवता येत नाही. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. म्हणजे पूर्ण भरलेला साठा पाण्यासकट दीड-दोन किलोच्या घरात जातो. धान्य अचानक कमी केलं की हा साठा थोडा थोडा वापरला जातो आणि त्याच्याबरोबरचं पाणी लघवीवाटे निघून जातं. जेवणातलं मीठही त्याच वेळी कमी झालं, तर आणखी थोडं पाणी जातं. तुमच्या पहिल्या आठ दिवसांत नेमकं हेच झालं असणार. त्या दिवसांत उत्साहाने तुम्ही एकूणच कमी खाल्लं असेल, आणि भाकऱ्या दोनवर नंतर आल्या असतील. चरबी त्यात अर्धा किलो गेली असेल तरी खूप झालं.

गणपतीतला दीड किलो म्हणजे हीच गोष्ट उलट्या बाजूने. भात, मोदक, वालाचं बिरडं, पापड, लोणचं. साठा भरला, पाणी परत आलं, मिठाने आणखी थोडं धरून ठेवलं. शिवाय प्रवासात पोट नीट साफ झालं नसेल तर त्याचंही वजन काट्यावर दिसतं. हे चरबीने वाढलेलं असूच शकत नाही, याचा हिशोब सोपा आहे. एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा सुमारे 7700 कॅलरी जास्त लागतात, दीड किलोला साडेअकरा हजार. एक उकडीचा मोदक तुपासकट 160-170 चा धरला, तर रोजच्या जेवणाच्या वर दोन दिवसांत सत्तरेक मोदक खावे लागतील. कोकणातला आग्रह मला माहीत आहे, पण सत्तर नाही.

पाणी आणि चरबी वेगळी कशी ओळखायची? वेळेवरून. दोन-तीन दिवसांत चढलेलं वजन नेहमीच्या जेवणावर आल्यावर आठवड्याभरात आपोआप उतरत असेल, तर ते पाणी. महिनाभर हळूहळू चढत गेलं, कमरेचा पट्टा आणि ब्लाउजची बाही दोन्ही घट्ट झाली, तर ती चरबी. तुम्हीच सांगा, गावाहून आल्यावर तो दीड किलो किती दिवस टिकला? पत्रात ते लिहिलेलं नाही, पण माझा अंदाज आहे की बराचसा गेला असेल.

धान्य कुठलं यापेक्षा एकूण किती, याला चांगला पुरावा आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात 609 माणसांवर वर्षभर चाललेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांनी धान्य-साखर कमी केली, अर्ध्यांनी तेल-तूप कमी केलं. वर्षाअखेरी दोन्ही गटांचं वजन सरासरी पाच-सहा किलोने उतरलं, आणि त्यांच्यातला फरक किलोभराचाही नव्हता. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे, ड्यूक विद्यापीठातल्या वॉल्टर केम्पनर नावाच्या डॉक्टरांनी 1939 च्या सुमारास अतिउच्च रक्तदाबाच्या रुग्णांना भात, फळं आणि साखर एवढ्यावरच ठेवायला सुरुवात केली. मीठ नाही, तेल नाही. त्यावर माणसं भराभरा बारीक झाली. असा आहार मी शत्रूलाही सांगणार नाही, पण भातातच काही जाडी आणणारं असतं तर ती माणसं फुगायला हवी होती.

याचा अर्थ भात आणि चपाती ताटात अगदी सारखंच वागतात, असा मात्र नाही. भाताची खोड वेगळी, चपातीची वेगळी.

भाताला मोजमाप नसतं. चपात्या आपण मोजतो, "मी दोनच खाते" असं म्हणतो. भात कोणी मोजत नाही. उलथन्याने कुकरच्या भांड्यातून उचलला, ताटात टाकला, आमटी जास्त झाली म्हणून पुन्हा थोडा भात घेतला, भात उरला म्हणून पुन्हा थोडी आमटी. शेवटचा ताकभात तर जेवणात धरतच नाही आपण. त्यात तो मऊ, चावायला वेळ लागत नाही, आणि पोट भरल्याचं कळेपर्यंत आणखी वाटीभर आत गेलेला असतो. पांढऱ्या तांदळात तंतूही कमी. त्यामुळे तासा-दीड तासात पुन्हा काही तरी तोंडात टाकावंसं वाटतं, हे बऱ्याच जणांचं खरं असतं.

चपातीची खोड लपलेली आहे. तिची संख्या मोजली जाते, आकार मोजला जात नाही. पोळी-भाजी केंद्रातली चपाती पातळ, 25 ग्रॅमची असू शकते, आणि घरी घाईत लाटलेली 50 ग्रॅमची. दोन्ही एकच चपाती म्हणून मोजल्या जातात. शिवाय तेल. भातावरचं तूप दिसतं, म्हणून ते खाताना हात आखडतो. घडीतलं तेल दिसत नाही. तीन चपात्यांत मिळून मोठा चमचाभर तेल जातं, आणि त्याच्या शंभरेक कॅलरी म्हणजे जवळजवळ एक कोरडा फुलका.

म्हणून आता आकडा आधी तुमच्या घरातून काढायचा. स्वयंपाकघरात वापरायचा छोटा डिजिटल वजनकाटा आणा, चार-पाचशे रुपयांत मिळतो. एका संध्याकाळी कणीक मळण्याआधी पीठ तोला. सगळ्या चपात्या झाल्या की मोजा आणि भागाकार करा. 600 ग्रॅम पिठात 16 झाल्या तर एक 37 ची, 12 झाल्या तर 50 ची. तेलाची वाटी लाटायला बसण्याआधी आणि उठल्यावर तोला. जी घट येईल ती चपात्यांत गेली. भाकरीचं पीठही तसंच एकदा तोला. तांदूळ कुकरला लावताना तोला आणि शिजल्यावर पूर्ण भात तोला, म्हणजे तुमच्या तांदळाचा किती पट भात होतो हे कळेल. कोलमचा वेगळा होतो, आंबेमोहराचा वेगळा, घरच्या पाण्यावर तर सगळंच अवलंबून. हे एकदाच करायचं आहे. रोज तराजू घेऊन बसलात तर आठ दिवसांत कंटाळाल आणि घरचेही वैतागतील. एकदा आकडे कळले की भातासाठी एक वाटी ठरवून टाका, सपाट भरायची, आणि भात नेहमी त्याच वाटीने घ्यायचा, उलथन्याने नाही.

मी तुमच्यासाठी दिवसाला 170 ग्रॅम धान्य धरते. सकाळी 40 ग्रॅम पोहे. त्यात मटार, गाजर, कांदा भरपूर, म्हणजे बशी तेवढीच दिसेल. डब्यात दोन चपात्या, 35-35 च्या, तेल फक्त घडीत आणि तेही बोटाने पुसण्यापुरतं. रात्री 60 ग्रॅम तांदळाचा भात, शिजून 160-170 ग्रॅम, म्हणजे लहान वाटीने दीड वाटी. हो, रात्री. रात्री भात खाल्ला की चरबी होते, असं शरीरात घड्याळ लावून काही चालत नाही. तुम्ही नऊच्या आत जेवत असाल तर मला काही अडचण दिसत नाही. आणि आमटीभात तुम्हाला आवडतो हे पत्रातूनच कळतंय. आवडीचं ठेवलं तर बाकीचं टिकतं. एखाद्या रात्री भाताऐवजी भाकरी करायची तर एकच, आणि तीही 60 ग्रॅमची.

एवढ्याने तुमचं धान्य 125 ग्रॅमने उतरलं, म्हणजे 400 च्या वर कॅलरी. पण ताट रिकामं ठेवून चालणार नाही, नाही तर साडेअकराला फ्रिज उघडला जाईल. डब्यात भाजी दुप्पट करा आणि रोज एक घट्ट पदार्थ ठेवा: मोडाच्या मुगाची किंवा मटकीची उसळ, दोन अंडी, नाही तर वाटीभर घट्ट दही. रात्री पातळ आमटीऐवजी डाळ जरा दाट घ्या. मासे खात असाल तर बांगडा किंवा बोंबील कालवणात, तळलेला आठवड्यातून एकदाच. यातून दीडशेच्या आसपास कॅलरी परत येतात, पण पोट तग धरतं. निव्वळ अडीचशे वाचल्या.

आता तुमचं ते "थोडं फरसाण, बस". फोर्टहून मुलुंडपर्यंत उभ्याने येऊन, घरात शिरल्या शिरल्या चहाबरोबर डब्यातून हात भरून घेतलेलं फरसाण 40 ग्रॅमच्या खाली क्वचितच असतं. फरसाणात 100 ग्रॅमला 500 च्या वर कॅलरी असतात, म्हणजे हे 200 च्या पुढे गेलं. रात्रीची दीड वाटी भात एका बाजूला आणि हे चार घास दुसऱ्या बाजूला, वजन सारखं. तुम्ही जूनपासून ज्या भाताला घराबाहेर काढलं, त्याच्याएवढंच रोज संध्याकाळी मागच्या दाराने येत होतं. मी तुम्हाला उपाशी राहायला सांगत नाही, त्या वेळी भूक खरी असते. गाडीत बसायला मिळालं तर तिथेच मूठभर भाजलेले चणे खा, म्हणजे घरी पोचताना हात थरथरत नाही. 30 ग्रॅम चण्यांचे शंभर-सव्वाशे होतात. उपासाच्या साबुदाण्याच्या खिचडीचंही असंच आहे. शेंगदाण्याचा कूट आणि तूप मिळून ती साध्या जेवणाला मागे टाकते, मग त्या दिवसाला उपास म्हणा किंवा काहीही म्हणा.

घरातल्या तेलाचा ढोबळ अंदाज घ्यायला महिन्याचं बिल पुरतं. त्याच मार्गदर्शिकेत 2000 कॅलरीच्या जेवणात तेल-तूप मिळून दिवसाला 27 ग्रॅम आहे. चार जणांच्या घरात महिन्याला ते साडेतीन लिटरच्या आसपास जातं, तूप आणि लोणी धरून. तुमच्याकडे पाच-सहा लिटर येत असेल तर भाताच्या आधी कढईकडे बघावं लागेल.

सासूबाईंचं उदाहरण मला पत्रात सगळ्यात आवडलं, कारण उत्तर तुमच्याच घरात जेवत बसलंय. एक दिवस त्यांच्या ताटाकडे नीट बघा. भात दोन्ही वेळ असेल, पण किती वाट्या? त्यावर काय, माशाचं कालवण की बटाट्याची परतून केलेली भाजी? दोन जेवणांच्या मध्ये त्या काय खातात? त्यांच्या पिढीतल्या बऱ्याच बायका मधल्या वेळी बिनसाखरेच्या चहापलीकडे काही घेत नाहीत आणि दिवसभर घरात खाली-वर करत असतात. शिवाय काही माणसं मुळातच कमी भुकेची असतात, ते आपल्याला उसनं घेता येत नाही. त्यांचा भात त्यांना बारीक ठेवतो असंही नाही, तो फक्त त्यांच्या एकूण खाण्यात बसतो.

मैत्रिणीच्या ग्लूटेनबद्दल दोनच ओळी. सीलिअॅक नावाच्या आजारात गहू खरंच बंद करावा लागतो, आणि त्यात सहसा जुलाब, रक्त कमी होणं, वजन घटणं अशी लक्षणं असतात. तुम्हाला यातलं काही नाही. गहू सोडून बाजारातली ग्लूटेन नसलेली बिस्किटं खाल्लीत तर वजन वाढेलच, वर पाकीट हलकं होईल.

आईचा मधुमेह मात्र मी बाजूला ठेवणार नाही. वजन आणि रक्तातली साखर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. वजनाला एकूण किती याच्याशी देणंघेणं. साखरेला किती, याबरोबरच किती लवकर याच्याशीही. नुसता पांढरा भात साखर पटकन चढवतो, तोच डाळ, उसळ आणि भाजीबरोबर जरा सावकाश चढवतो. म्हणून मधुमेह असलेल्या माणसाला मी भात आणखी कमी सांगते. पण तिथेही धान्याची अदलाबदल पुरत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीतून 2025 मध्ये जे निष्कर्ष आले, त्यात पांढऱ्या तांदळाच्या जागी गहू किंवा भरडधान्याचं पीठ आलं, पण धान्याचा एकूण वाटा तेवढाच राहिला, तर धोका कमी झालेला दिसला नाही. धान्यातला थोडा वाटा काढून तिथे डाळी-दुधासारखी प्रथिनं आली, तेव्हा दिसला. तुमच्या ताटातही मी तेच सुचवलंय. शुगर वर्षातून एकदा तपासत राहा, उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी, दोन्ही. आणि काट्यापेक्षा मोजपट्टीवर जास्त विश्वास ठेवा. आपल्याकडच्या बायकांसाठी कमरेचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत असावा असं मानतात. शिंपीण वापरते ती टेप बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

वजन आठवड्यातून एकदाच करा, एकाच वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी. पाळीच्या आधीच्या आठवड्यात किलोभर पाणी चढू शकतं, तो आकडा लिहून ठेवा पण मनावर घेऊ नका, मागच्या पाळीच्या त्याच आठवड्याशी ताडून पाहा. भात परत सुरू केल्यावर पहिल्या चार दिवसांत काटा थोडा वर जाईल. साठा भरतोय, एवढंच. यजमान "बघ" म्हणतील तेव्हा त्यांना हे पत्र वाचायला द्या.

धान्याचे अडीचशे आणि फरसाणाचे शंभर असे रोज साडेतीनशे वाचले तर कागदावर महिन्याला सव्वा-दीड किलो उतरतं. प्रत्यक्षात किलोभर धरा, कारण वजन उतरू लागलं की शरीराची गरजही थोडी उतरते, आणि महिन्यात एखादं लग्न, एखादी पावभाजी होतेच. सहा आठवडे असं करूनही वजन आणि घेर दोन्ही जागचे हलले नाहीत, तर आधी चपातीचं पीठ आणि तेलाची वाटी पुन्हा तोला. दोन महिन्यांत हात हळूहळू सैल झालेला असतो. तिथे सगळं ठीक निघालं आणि त्याबरोबर थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ, पाळीत बदल असं काही असेल, तर घरच्या डॉक्टरांना सांगून थायरॉईडची टीएसएच ही रक्ततपासणी करून घ्या.